वर्षाला किती प्रीमियम जाळायचा? एका निधीच्या टेल हेजचं प्रकरण

हे प्रकरण एका धर्मादाय निधीचं आहे. बाजार क्वचितच पण जोरात पडतो, अशा घसरणीसाठी घेतलेलं संरक्षण म्हणजे टेल हेज. इथे ते पुट घेऊन केलं होतं: पुट म्हणजे मुदतीअखेर आधीच ठरलेल्या भावाला इंडेक्स विकण्याचा हक्क, आणि त्यासाठी मोजलेली रक्कम म्हणजे प्रीमियम. ओळख लपवण्यासाठी निधीचा आकार सगळीकडे १,००० एकक धरला आहे. प्रमाणं आणि घटनाक्रम मात्र जसे घडले तसेच ठेवले आहेत. इंडेक्सचे आकडे अमेरिकी शेअरबाजाराच्या एस अँड पी ५०० चे आहेत, कारण निधीचे शेअर त्याच इंडेक्सच्या फंडात होते आणि पुटही त्यावरचेच घेतले होते. पुटच्या किमती गोळाबेरीज करून दिल्या आहेत. मी या काळात निधीच्या गुंतवणूक समितीचा सल्लागार होतो.

पार्श्वभूमी

निधीतले ६५ टक्के शेअरमध्ये आणि ३५ टक्के रोख्यांमध्ये होते. दरवर्षी ४० एकक अनुदान म्हणून बाहेर जायचे. निधीच्या नियमावलीत एक कलम होतं: कोणत्याही तिमाहीच्या शेवटी निधी आधीच्या शिखरापेक्षा २० टक्क्यांहून जास्त खाली असेल, तर पुढच्या वर्षी अनुदान निम्मं करायचं. हे कलम २००८ च्या अनुभवानंतर आलं होतं. त्या मंदीत एस अँड पी ५०० ऑक्टोबर २००७ च्या शिखरापासून मार्च २००९ च्या तळापर्यंत ५७ टक्के घसरला होता आणि समितीने घाबरून तळाजवळच शेअर विकले होते.

२०१७ च्या शेवटी बाजार कमालीचा शांत होता. इंडेक्स चढत होता आणि पुटचे प्रीमियम उतरले होते. खजिनदारांनी सुचवलं की विमा स्वस्त आहे तोवर घेऊन ठेवावा, निधीच्या १ टक्का म्हणजे वर्षाला १० एकक त्यावर खर्च करावेत. हा १ टक्का कुठल्याही हिशेबातून आलेला नव्हता. गोल आकडा म्हणून तो सुचला होता.

नेमकी अडचण

समितीला प्रश्न पडला होता की किती खर्च परवडेल. माझं म्हणणं होतं की प्रश्न उलट्या टोकाकडून सोडवायला हवा. आधी कोणत्या घसरणीत किती एकक हाती यायला हवेत ते ठरवू, मग त्यांची किंमत काढू, आणि शेवटी तेच काम दुसऱ्या मार्गाने किती खर्चात होतं ते पाहू.

शेअर ३५ टक्के पडले आणि रोखे जागच्या जागी राहिले, तर ६५० एककांवर साधारण २२८ एकक तोटा होतो. नियमावलीची मर्यादा २०० एककांची. म्हणजे हेजकडून अशा घसरणीत किमान २८ एकक यायला हवेत. यामुळे चर्चेला पहिल्यांदा ठोस उद्दिष्ट मिळालं.

तोलून पाहिलेले पर्याय

पहिला पर्याय जवळच्या स्ट्राइकच्या पुटचा होता. स्ट्राइक म्हणजे पुटमध्ये ठरलेला विक्रीचा भाव. बाजारभावाच्या ५ टक्के खाली, तीन महिन्यांचे, दर तिमाहीला नवे. त्यांचा वर्षाचा खर्च संरक्षित रकमेच्या ५ टक्क्यांच्या आसपास येत होता. सगळ्या शेअरना असं संरक्षण दिलं असतं तर वर्षाला ३० हून जास्त एकक गेले असते, म्हणजे अनुदानाच्या बहुतांश रकमेइतकाच प्रीमियम. हा पर्याय दहा मिनिटांत बाजूला पडला.

दुसरा पर्याय सर्वांत साधा होता आणि समितीला सर्वांत कमी आवडला होता: शेअर ६५ वरून ५७ टक्क्यांवर आणायचे. ३५ टक्के घसरणीत ८० एककांवरचा तोटा वाचतो, म्हणजे २८ एकक. उद्दिष्ट बरोब्बर साधतं. याची किंमत प्रीमियमसारखी डोळ्यांना दिसत नाही, पण ती असते. शेअर दीर्घकाळात रोख्यांपेक्षा वर्षाला साडेचार ते पाच टक्के जास्त देतील असं समितीचंच गृहीतक होतं. मग ८० एकक रोख्यांत हलवण्याची अपेक्षित किंमत वर्षाला ३.६ ते ४ एकक.

माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा आकडा हाच. पुटवर वर्षाला ४ एककांपेक्षा जास्त खर्च होत असेल, तर तेच संरक्षण शेअर कमी करून स्वस्तात मिळतं. खजिनदारांचे १० एकक इथेच गळाले.

तिसरा पर्याय लांबच्या पुटचा. सहा महिन्यांचे, बाजारभावाच्या २५ टक्के खालचे. शांत बाजारात अशा पुटचा भाव संरक्षित रकमेच्या ०.४७ टक्क्यांच्या आसपास होता. वर्षाचे ४ एकक बारा हप्त्यांत वाटले तर दरमहा ०.३३ एकक. त्यात सुमारे ७० एककांचं संरक्षण येतं. सहा महिन्यांत सहा हप्त्यांची शिडी तयार होते आणि कोणत्याही वेळी साधारण ४२५ एककांना छत्र राहतं. शिडीत कोणत्याही क्षणी गुंतलेली मूळ रक्कम मात्र फक्त २ एकक.

इथे खजिनदारांनी नेमका प्रश्न विचारला. "६५० चे शेअर आहेत आणि छत्र ४२५ ला. मग उरलेल्यांचं काय?" उत्तर असं की लांबच्या पुटचा उपयोग एक्सपायरीला, म्हणजे मुदत संपताना, मिळणाऱ्या रकमेवर मोजायचा नसतो. अचानक घसरणीत भाव स्ट्राइकजवळ येतो, आयव्ही, म्हणजे पुढच्या चढउतारांचा पुटच्या किमतीत धरलेला अंदाज, तीही दुप्पट-तिप्पट होते आणि पुटची बाजारातली किंमत दोन्ही बाजूंनी फुगते. प्रत्येक शेअरला एकेक पुट लावण्याची गरज म्हणूनच नसते. पण याच कारणाने संथ घसरणीत, जिथे आयव्ही फारशी वाढत नाही, हे पुट जवळपास निरुपयोगी ठरतात. हे इतिवृत्तात स्पष्ट लिहून घ्यावं असा आग्रह मी धरला आणि ते लिहिलं गेलं.

निर्णय आणि नियम

समितीने तिसरा पर्याय निवडला. दुसऱ्या पर्यायाशी किंमत सारखीच होती, पण शेअरचा वाटा कमी करायची कुणाची तयारी नव्हती, आणि घसरणीच्या तळाशी ताजी रोकड हाती येण्याचं आकर्षण होतं.

ठरलेले नियम थोडके होते. वर्षाला ४ एकक ही कमाल मर्यादा. दरमहा ठरलेल्या दिवशी तेवढ्याच रकमेची खरेदी, भाव स्वस्त असो वा महाग. शिडीची एकूण किंमत मूळ खर्चाच्या पाचपट झाली की एकतृतीयांश विकायचं, दहापट झाली की आणखी एकतृतीयांश. आलेली रोकड त्याच आठवड्यात इंडेक्स फंडात घालायची. शेवटच्या एकतृतीयांशाबद्दल इतिवृत्तात एवढंच लिहिलं गेलं की "समिती परिस्थिती पाहून ठरवेल."

खरेदीची एक बारीक बाब सांगतो, कारण वर्षअखेर तिचा फरक दिसतो. अशा लांबच्या पुटला खरेदीदार १३ ला आणि विक्रेता १५ ला असं चित्र नेहमीचं असतं. थेट विक्रेत्याच्या भावाला घेतलं तर दर खेपेला मधल्या भावापेक्षा एक पॉइंट जास्त जातो, म्हणजे चौदातला एक, सात टक्के. निधीच्या कर्मचाऱ्याने १४ ची लिमिट ऑर्डर लावून दुपारपर्यंत थांबायचं आणि नाही लागली तरच १४.३० पर्यंत जायचं, असं ठरलं. बहुतेक महिन्यांत ऑर्डर लागत असे.

२०१८ आणि २०१९: संयमाची परीक्षा

पहिला ताण २०१८ च्या शेवटी आला. २० सप्टेंबरच्या शिखरापासून २४ डिसेंबरपर्यंत इंडेक्स जवळपास २० टक्के पडला. शिडीची किंमत २ वरून ७ एककांवर गेली, म्हणजे साडेतीनपट. पाचपटीचा नियम लागला नाही. जानेवारीत बाजार फिरला आणि फेब्रुवारी संपेपर्यंत त्या ७ एककांमधलं जवळपास काही उरलं नाही.

पुढच्या बैठकीत यावरच वाद झाला. एका सदस्यांचं म्हणणं होतं की साडेतीनपटीला विकलं असतं तर पावणेदोन वर्षांचा प्रीमियम परत आला असता, म्हणून पाचपटीचा उंबरठा तीनपटीवर आणावा. विरोधी मत अध्यक्षांनी मांडलं: "हे पुट आपण २० टक्के घसरणीसाठी घेतलेलेच नाहीत. २० टक्क्यांना निधी १३ टक्के खाली जातो आणि अनुदानाला धक्का लागत नाही. तीनपटीला विकून बसलो आणि पुढे आणखी १५ टक्के पडलं, तर ज्यासाठी चार एकक मोजतो तेच हातात नसेल." उंबरठा तसाच राहिला. निकाल काहीही असो, हा युक्तिवाद मला आजही पटतो, कारण तो उद्दिष्टाच्या आकड्यापासून सुरू होतो.

२०१९ मध्ये वेगळीच गोष्ट घडत होती आणि ती फार कमी जणांच्या लक्षात आली. इंडेक्स वर्षभर चढला. शिडीतले जुने पुट त्या-त्या महिन्याच्या भावाच्या २५ टक्के खाली घेतलेले होते, पण बाजार वर गेला की जुने स्ट्राइक मागे पडत जातात. ऑक्टोबर २०१९ मध्ये इंडेक्स २,९५० च्या आसपास असताना घेतलेल्या पुटचा स्ट्राइक २,२१० होता. १९ फेब्रुवारी २०२० ला इंडेक्स ३,३८६ वर बंद झाला तेव्हा तो स्ट्राइक शिखरापासून जवळपास ३५ टक्के लांब होता. पूर्ण शिडीचा सरासरी स्ट्राइक ३१ टक्के खाली. समितीच्या समजुतीत अजूनही "आपलं संरक्षण २५ टक्क्यांपासून सुरू होतं" हेच वाक्य होतं.

सतत चढत्या बाजारात ज्या निधीचा हेज दरवर्षी शून्य होतो, तिथे तो बंद करण्याचा दबाव येतोच. कॅलिफोर्नियातल्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या पेन्शन निधीने, कॅल्पर्सने, २०२० ची घसरण सुरू होण्याच्या थोडंच आधी आपलं असं संरक्षण गुंडाळलं होतं. आमच्याकडेही २०१९ च्या शेवटच्या बैठकीत तसा प्रस्ताव आला होता. खर्चाची मर्यादा शेअर कमी करण्याच्या किमतीशी बांधलेली होती, म्हणून तो टिकला नाही. "हेज बंद करायचा तर शेअर ८ टक्क्यांनी कमी करा," असं अध्यक्षांनी म्हटल्यावर चर्चा थांबली.

मार्च २०२०

९ मार्चला इंडेक्स २,७४६ वर बंद झाला आणि शिडी पाचपटीला पोचली. एकतृतीयांश विकून ३.५ एकक आले. १२ मार्चला इंडेक्स २,४८० वर. शिडी दहापटीच्या पुढे गेलेली होती. दुसरा एकतृतीयांश विकून ७.७ एकक आले. या दोन विक्री नियमाने झाल्या आणि दोन्ही वेळा कुणालाही विचारावं लागलं नाही. पैसे त्याच आठवड्यात इंडेक्स फंडात गेले.

१६ मार्चला इंडेक्स २,३८६ वर बंद झाला, शिखराच्या २९.५ टक्के खाली. बाजारातली भीती मोजणारा निर्देशांक व्हीआयएक्स ८२.६९ वर बंद झाला. शिडी अखंड असती तर तिची किंमत त्या दिवशी सुमारे २८ एकक भरली असती. हातात तिचा तिसरा भाग होता, सव्वानऊ एककांचा.

त्या दिवशीचा एक पुट जवळून पाहण्यासारखा आहे. फेब्रुवारीच्या सुरुवातीला १५ पॉइंटला घेतलेला, स्ट्राइक २,४४०, एक्सपायरी जुलैअखेर. इंडेक्स २,३८६ असल्याने त्याचं प्रत्यक्ष मूल्य, म्हणजे स्ट्राइक आणि इंडेक्समधला फरक, फक्त ५४ पॉइंट होतं. बाजारात तो ३०० च्या वर विकला जात होता. म्हणजे किमतीतला पाचात चार भाग लोकांच्या भीतीचा आणि उरलेल्या वेळेचा होता. ही भीती ओसरली की तो भाग इंडेक्स न वाढताही निघून जातो.

१७ मार्चच्या फोनवरच्या बैठकीत हाच प्रश्न होता: उरलेला भाग विकायचा की ठेवायचा? खजिनदार म्हणाले, "अजून खाली जाणार हे दिसतंय. आत्ता विकणं म्हणजे पावसाच्या तोंडावर छत्री विकणं." मी किमतीचे दोन भाग वेगळे करून दाखवले आणि विकण्याचा सल्ला दिला. पण नियम नव्हता, भीती होती, आणि "परिस्थिती पाहून" या शब्दांना त्या आठवड्यात काहीच अर्थ उरला नव्हता. निर्णय पुढे ढकलला गेला.

२३ मार्चला २,२३७ चा तळ झाला. त्यानंतर बाजार इतक्या वेगाने फिरला की ९ एप्रिलला, इंडेक्स २,७९० वर असताना, उरलेला भाग विकला तेव्हा त्याचे २ एकक आले. तीन आठवड्यांपूर्वीच्या सव्वानवाचे दोन.

आणि तोही भाग ठेवला असता तर? जुलैअखेर इंडेक्स ३,२७० च्या आसपास होता. २,४४० चा तो पुट शून्यावर संपला असता. शिडीतले बाकीचेही तसेच. म्हणजे त्याच पुटचं त्याच घसरणीतलं फळ विक्रीच्या नियमानुसार २८ किंवा शून्य झालं असतं. प्रत्यक्षात ते १३.२ एकक झालं.

खर्च आणि लाभाचा हिशेब

जानेवारी २०१८ पासून मार्च २०२० पर्यंत प्रीमियमवर ९ एकक गेले होते. हाती १३.२ आले. त्यातले ११.२ इंडेक्सच्या सरासरी २,५६० भावाला शेअरमध्ये गेले आणि डिसेंबरअखेर, इंडेक्स ३,७५६ वर असताना, त्यांचे साधारण १६.४ झाले. म्हणजे पुनर्गुंतवणुकीतून आणखी पाच एककांची भर.

पण हिशेब इथेच थांबवणं अप्रामाणिक ठरेल. नियमावलीचं कलम तिमाहीअखेरच्या आकड्यावर चालत होतं. ३१ मार्च २०२० ला इंडेक्स २,५८४ पर्यंत सावरलेला होता, शिखरापासून साडेतेवीस टक्क्यांच्या आसपास खाली. हेज नसता तरी निधी १५-१६ टक्केच खाली दिसला असता आणि अनुदान निम्मं झालं नसतं. ज्या संकटासाठी विमा घेतला होता, ते संकट कागदोपत्री आलंच नाही. हेजचा खरा लाभ वेगळ्या जागी झाला: तळाजवळ शेअर विकण्याऐवजी ते विकत घेतले गेले. २००८ मध्ये याच समितीने याच्या उलट केलं होतं. हा लाभ एककांत मांडता येत नाही, पण मी तो मोजणीत धरतो.

नंतरची दोन वर्षं हिशेबात आणली की चित्र आणखी खरं होतं. मार्च २०२० नंतर तोच २५ टक्के खालचा पुट शांत काळाच्या चौपट महाग झाला. ठरावीक रकमेच्या नियमामुळे दरमहाचं छत्र ७० एककांवरून १८ वर आलं. काही सदस्यांना ते धोकादायक वाटलं. मला ते बरोबरच वाटतं, कारण छत्राचा आकार कायम ठेवायचा तर खर्च वर्षाला १६ एककांवर गेला असता आणि ४ एककांच्या मर्यादेला अर्थ उरला नसता. घर जळाल्यावर विम्याचा हप्ता वाढतो, आणि तेव्हा कमी विमा घेणं हा काही काळ पत्करण्याजोगा धोका असतो.

२०२२ ने हेजची मर्यादा दाखवली. ३ जानेवारीच्या ४,७९६ पासून १२ ऑक्टोबरच्या ३,५७७ पर्यंत इंडेक्स २५ टक्के पडला, पण पायरीपायरीने, नऊ महिन्यांत. व्हीआयएक्स एकदाही ३७ च्या वर बंद झाला नाही. प्रत्येक हप्त्याचा स्ट्राइक बाजाराच्या आधी खाली सरकत गेला आणि वर्षाचे ४ एकक पूर्ण गेले. त्याच वर्षी रोखेही १३ टक्क्यांच्या आसपास पडले, त्यामुळे शेअर कमी करण्याच्या पर्यायानेही फारसं काही वाचलं नसतं. २०१७ च्या इतिवृत्तातलं "संथ घसरणीत निरुपयोगी" हे वाक्य सदस्यांनी स्वतःहून उघडून वाचलं, त्यामुळे ही बैठक आरोपांशिवाय पार पडली.

पाच वर्षांची बेरीज अशी: प्रीमियम २०, विक्रीतून १३.२, पुनर्गुंतवणुकीची भर सुमारे ५. निव्वळ खर्च दोन एककांच्या आत. शेअर ८ टक्क्यांनी कमी ठेवले असते तर त्याच पाच वर्षांत, शेअरचा लाभांशासह परतावा ५७ टक्के आणि रोख्यांचा जवळपास शून्य असल्यामुळे, ४५ एककांच्या आसपास कमी मिळाले असते.

हा दुसरा आकडा बैठकीत मांडला तेव्हा सगळे खूश झाले. तरी त्यावर हेजचा निकाल लावू नये असं मी सांगितलं. ती पाच वर्षं शेअरना अतिशय अनुकूल होती, आणि त्यात एक वेगवान घसरण नेमकी हेजला सोयीची आली. अशी घसरण दहा-बारा वर्षं आली नाही तर खर्च ४० एककांच्या पुढे जातो आणि परतफेड शून्य असते. तुलना करायची ती गृहीतकांशी: वर्षाला ४ विरुद्ध ३.६ ते ४. त्या मोजपट्टीवर दोन्ही पर्याय जवळपास समान किमतीचे होते आणि आजही आहेत.

काय वेगळं करता आलं असतं

सर्वांत मोठं नुकसान "परिस्थिती पाहून" या दोन शब्दांनी केलं. शेवटच्या भागालाही शांत काळातच नियम हवा होता. १६ मार्चला चौदापट झालेल्या शिडीच्या किमतीत प्रत्यक्ष मूल्याचा वाटा फार थोडा होता. "किमतीत प्रत्यक्ष मूल्य एकतृतीयांशापेक्षा कमी आणि शिडी बारापटीच्या वर असेल तर सगळं विका" असा एका ओळीचा नियम असता, तर सात एकक वाचले असते. ते जवळपास दोन वर्षांचं अंदाजपत्रक आहे.

दुसरी गोष्ट मागे पडणाऱ्या स्ट्राइकची. दर महिन्याच्या तक्त्यात हप्ता, भाव आणि खर्च होते, पण सरासरी स्ट्राइक आजच्या इंडेक्सपासून किती लांब आहे हा रकाना नव्हता. तो असता तर २०१९ मध्येच कळलं असतं की छत्र २५ ऐवजी ३१ टक्क्यांवर सुरू होतंय. त्यावर उपाय खर्चिकच आहे: तीन महिने उरलेले पुट विकून नवे घ्यायचे. लांबच्या पुटची झीज पहिल्याच तीन महिन्यांत जास्त होते, त्यामुळे असं केल्यास त्याच छत्राचा वर्षाचा खर्च संरक्षित रकमेच्या ०.९५ टक्क्यांवरून १.३ टक्क्यांपर्यंत जातो. तो पत्करायचा की लांब गेलेला स्ट्राइक पत्करायचा, ही निवड समितीने डोळसपणे करायला हवी होती.

तिसरं, उद्दिष्ट ज्या दिवशी मोजलं जाणार त्याच्याशी हेज जुळवायला हवा होता. कलम तिमाहीअखेरचं, तर वेगवान घसरण आणि वेगवान सावरणं या जोडीत ते लागू होण्याची शक्यता कमी. ते लागू होतं लांबलेल्या घसरणीत, आणि तिथे लांबचे पुट कमकुवत असतात. हे लक्षात आल्यावर समितीने २०२३ मध्ये अंदाजपत्रक फोडलं. पुटवर २ एकक, आणि उरलेल्या २ एककांच्या अपेक्षित खर्चात शेअर ६५ वरून ६१ टक्क्यांवर. अंदाजपत्रकातला पुटचा अर्धा भाग आता वेगवान घसरणीत तळाशी खरेदी करायला रोकड देण्यासाठी आहे, नियमावलीचं कलम सांभाळण्याचं काम शेअरच्या कमी केलेल्या वाट्याकडे दिलं आहे, आणि तक्त्यात सरासरी स्ट्राइकच्या अंतराचा रकाना पहिलाच आहे.